व्याख्यानाच्या व्हिडिओतून पॉडकास्टचा भाग कसा तयार करायचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाची व्याख्यानमाला दर हिवाळ्यात होते. गेली काही वर्षं त्यातली व्याख्यानं आम्ही ऐकण्यासाठी म्हणून वेगळी काढतो. येळ्ळूर, कडोली, खानापूर, निपाणी इथल्या मंडळींचे फोन येतात: "आमच्या संमेलनाचा व्हिडिओ पडून आहे, त्याचं असं काही होईल का बघा की." त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे. १९२४ साली बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जे काँग्रेस अधिवेशन भरलं, त्यावर आमच्याकडे झालेलं व्याख्यान. मूळ व्हिडिओ १ तास ४२ मिनिटांचा होता आणि पॉडकास्टचा भाग झाला ६१ मिनिटांचा. मधल्या वाटेवर जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्या.

व्हिडिओतून आवाज काढायला कोणतं अ‍ॅप चांगलं?

मोबाईलवरची बहुतेक अ‍ॅप आवाज काढताना तो पुन्हा दाबून एमपी३ करतात. व्हिडिओत तो आधीच एकदा दाबलेला असतो, शेवटी प्रसारणासाठी आपण आणखी एकदा दाबणार. मधला हा जादाचा दाब फुकटचा. म्हणून आम्ही कॉम्प्युटरवर `ffmpeg` वापरतो. ते फुकट आहे. कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते एवढंच.

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vn -c:a copy vyakhyan.m4a
```

`-vn` म्हणजे चित्र नको. `-c:a copy` म्हणजे आवाजाला हात न लावता जसा आहे तसा बाहेर काढ. दीड तासाच्या व्हिडिओला काही सेकंद लागतात, कारण यात नव्याने काहीच तयार होत नाही. डब्यातली एक वस्तू उचलून दुसऱ्या डब्यात ठेवल्यासारखं आहे. ही प्रत मूळ म्हणून जपून ठेवायची. काटछाट करायची ती दुसऱ्या, न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही प्रतीवर. ती कशी काढायची ते पुढे येतंच, पण ती काढण्याआधी थोडं थांबा.

का थांबायचं? सरळ एकपदरी डब्ल्यूएव्ही काढली तर काय बिघडतं?

आमचं बिघडलं. एकच माणूस बोलतोय, दोन चॅनेल कशाला, म्हणून आम्ही दोन्ही एकत्र करून एक करायला सांगितलं. फाईल तयार झाली, लांबी बरोबर १०२ मिनिटं, आणि ऑडॅसिटी या आवाज कापायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडली तर वर आडवी रेघ. अगदी बारीक खरखर होती, माणूस नव्हता. व्हिडिओ हेडफोनवर ऐकला तर आवाज व्यवस्थित. आमच्यातल्या एकाने तोवर कॉम्प्युटर फॉरमॅट करायची तयारी चालवली होती.

झालं होतं ते असं. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात थेट वायर दिली होती. मिक्सरच्या ज्या आउटपुटमधून ती घेतली, तो 'बॅलन्स्ड' प्रकारचा होता. अशा वायरीत एकच आवाज दोन तारांतून जातो, पण एका तारेत सुलटा आणि दुसरीत उलटा. लाट एकीत वर जाते तेव्हा दुसरीत खाली. पुढचं यंत्र त्या दोन्हींची वजाबाकी करतं. आवाज उलट-सुलट असल्यामुळे वजाबाकीत दुप्पट होतो, आणि वाटेत दोन्ही तारांत सारखीच शिरलेली गुणगुण मात्र कटते. लांब वायरीसाठी ही युक्ती फार चांगली आहे. पण कॅमेऱ्याचं भोक स्टिरिओ. त्याने एका तारेला डावा चॅनेल धरलं, दुसरीला उजवा, आणि आम्ही नंतर दोघांची बेरीज केली. पाच अधिक उणे पाच.

आपल्या रेकॉर्डिंगमध्ये असं झालंय की नाही, हे ओळखायचं कसं?

कानाने ओळखण्याची खूण म्हणजे हेडफोनवर वक्ता समोर उभा असल्यासारखा वाटत नाही. आवाज दोन्ही कानांना चिकटल्यासारखा, डोक्याच्या बाहेरून येतो. एकच कर्णा असलेल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावा, बोलणं गायब होतं किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं.

डोळ्याने तर पक्कंच कळतं. फाईल ऑडॅसिटीत उघडा आणि एखादा शब्द पडदाभर होईल इतकं झूम करा. वरच्या पट्टीत लाट वर जाते नेमकी तेव्हा खालच्या पट्टीत ती खाली जात असेल, विहिरीच्या पाण्यात काठावरच्या झाडाचं प्रतिबिंब दिसावं तशी, तर मामला हाच. दोन्ही लाटा एकसारख्या असतील तर काळजी नाही. आणि एका पट्टीत बोलणं, दुसरीत नुसती खरखर असेल, तर दुसरी टाकून द्यायची.

मग ते व्याख्यान वाचलं का?

वाचलं, आणि नेहमीपेक्षा स्वच्छ निघालं. जी वजाबाकी कॅमेऱ्याने करायची राहिली, ती आपण आता करायची:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vn -af "pan=mono|c0=0.5*c0-0.5*c1" -ar 48000 -c:a pcm_s16le kaam.wav
```

यात `c0` म्हणजे डावा चॅनेल आणि `c1` म्हणजे उजवा. उजव्याच्या आधीचं वजाचं चिन्ह हीच सगळी दुरुस्ती. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची ५० हर्ट्झची जी 'घुंऽऽ' होती, ती दोन्ही चॅनेलमध्ये सारखी शिरलेली होती, त्यामुळे तीही याच एका ओळीत बरीचशी गेली. नुसता डावा चॅनेल ठेवला असता तर बोलणं मिळालं असतं, पण गुणगुणही राहिली असती.

`ffmpeg` नको असेल तर ऑडॅसिटीत पट्टीच्या मेनूतून `Split Stereo to Mono` करा, खालची पट्टी निवडून `Invert` लावा आणि दोन्ही `Mix and Render` ने एकत्र करा. उत्तर तेच.

आणि ज्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये उलट-सुलट काही नाही, दोन्ही लाटा सारख्या आहेत, त्यांनी वरच्या ओळीतला `-af` आणि अवतरणातला मजकूर काढून त्या जागी `-ac 1` लिहावं. ही डब्ल्यूएव्ही मिनिटाला पावणेसहा एमबीच्या आसपास जागा घेते. आमची १०२ मिनिटांची फाईल ५९० एमबीच्या जवळ गेली. डिस्कवर जागा ठेवा.

पुढच्या वेळी हॉलमध्येच काय सांगायचं?

साऊंडवाल्याला सांगायचं की कॅमेऱ्यासाठी 'रेकॉर्ड आऊट' किंवा 'टेप आऊट' मधून वायर दे. ते नसेल तर बॅलन्स्ड आउटपुटची एकच तार आणि अर्थिंगची तार वापरणारी वायर मागायची. त्याला हे कळतं, फक्त लग्नाच्या घाईत असला की हाताला येईल ती वायर लावतो. कॅमेरा चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालवायचा. मिक्सर आणि कॅमेरा दोन्ही विजेच्या बोर्डाला जोडलेले असले की गुणगुण शिरायला वाट मिळते. कार्यक्रमाआधी एक मिनिट रेकॉर्ड करून एका कर्ण्याच्या स्पीकरवर ऐकायचं. हेडफोनवर नको, त्यावर ही चूक लपते.

आमच्याकडे मिक्सरची वायर वगैरे काही नाही. मागच्या खुर्चीवरून मोबाईलवर केलेलं शूटिंग आहे. त्याचा पॉडकास्ट होईल का?

खरं सांगायचं तर बहुधा नाही. मागच्या खुर्चीवर पोचणाऱ्या आवाजात वक्ता कमी आणि हॉल जास्त असतो. वरचा पत्रा, फरशी, भिंती यांवर आपटून आलेला तो घुमारा प्रत्येक अक्षरात मिसळलेला असतो. पंख्याची घरघर बोलण्याखाली पसरलेली असते, म्हणून ती थोडीफार काढता येते. घुमारा म्हणजे बोलणंच, जरा उशिरा आलेलं. ते बोलण्यातून वेगळं काढायला गेलात की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. समोर व्हिडिओ असला की माणूस एवढं सहन करतो, कारण ओठ दिसतात. नुसतं ऐकायचं तर दहा मिनिटांत कंटाळतो.

पुढच्या खेपेला एवढं करा: दुसरा एखादा मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून, रेकॉर्डर चालू करून, वक्त्यासमोरच्या पोडियमवर रुमालाची घडी घालून त्यावर ठेवा. रुमाल यासाठी की वक्त्याने पोडियमवर हात आपटला की ठोका थेट माइकात जातो. दोन हजारांची वायर जे देईल त्याच्या पाऊणपट हे फुकटात मिळतं.

कॅमेऱ्याने एका व्याख्यानाच्या चार फाईली केल्यात. जोडायच्या कशा?

कार्डाच्या जुन्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा तुकडे पाडतो. त्यांची नावं क्रमाने एका `yadi.txt` मध्ये लिहा, प्रत्येक ओळीवर एक:

```
file 'MVI_0012.MP4'
file 'MVI_0013.MP4'
```

आणि मग:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -vn -c:a pcm_s16le purna.wav
```

सांध्यावर कान देऊन ऐका. कधी बारीक 'टिक्' येते, कधी अर्धं अक्षर गेलेलं असतं. अर्धं अक्षर गेलं असेल तर ते परत येत नाही. तो शब्द किंवा वाक्य तिथून सफाईने काढा.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला तर चालेल?

व्हिडिओ म्हणून नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो वाटेतच दाबला जातो.

दीपप्रज्वलनापासून आभारापर्यंत काय ठेवायचं?

आमच्या १०२ मिनिटांचा हिशोब असा निघाला: व्याख्यान सुरू होईपर्यंत २४ मिनिटं, व्याख्यान ५८, प्रश्नोत्तरं १४, आभार ६. पहिली २४ मिनिटं म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची ओळख. ही सगळी काढली आणि त्याजागी एका मिनिटाची ओळख नव्याने रेकॉर्ड केली: वक्ता कोण, विषय काय, व्याख्यान कुठे आणि कधी झालं. आभारही काढले. यावरून समितीत एक संध्याकाळ वाद झाला. ज्यांचे आभार मानले होते ते नाराज होणार, म्हणे. शेवटी संपूर्ण व्हिडिओ वाचनालयात आहे तसा ठेवायचा आणि पॉडकास्टमध्ये फक्त विषय, असं ठरलं. तुमच्याकडेही हा वाद होणारच, काटछाट सुरू करण्याआधी होऊ द्या.

वक्त्याची पहिली दोन मिनिटंही बहुतेक वेळा जातात. "व्यासपीठावरील सन्माननीय..." पासून पुढची नावं हॉलमधल्यांसाठी असतात. आमच्या वक्त्यांचं खरं पहिलं वाक्य होतं, "काँग्रेस विहिरीवरून आपण रोज जातो, पण ती विहीर खोदली कशासाठी हे कुणी विचारत नाही." भाग तिथूनच सुरू केला.

अडखळणं, 'आं', 'म्हणजे', 'काय की' हे सगळं काढायचं का?

सगळं काढलंत तर माणूस राहत नाही. आम्ही पहिल्या वर्षी एका वक्त्यांचं प्रत्येक 'म्हणजे' उडवलं. त्यांच्या सुनेने ऐकून विचारलं, "हे मामांजी नाहीतच काय की?" तेव्हापासून नियम सोपा ठेवला आहे: विचार करताना आलेला थांबा राहू द्यायचा, गाडी अडकल्यामुळे आलेला काढायचा. वाक्य अर्धवट सोडून पुन्हा पहिल्यापासून घेतलं असेल, तर पहिला तुकडा जातो. कागद चाळताना नऊ सेकंद गेले असतील तर दोन ठेवायचे. ऑडॅसिटीतलं `Truncate Silence` हे काम आपोआप करतं, पण त्याला नाट्यमय थांबा आणि हरवलेला कागद यातला फरक कळत नाही, म्हणून आम्ही ते वापरत नाही.

कापायचं कुठे, हे महत्त्वाचं. क, ट, त, प अशा अक्षरांच्या अगदी आधी तोंड क्षणभर पूर्ण बंद असतं. लाटेत तिथे छोटीशी सपाट जागा दिसते. काप तिथे बसवला की ऐकू येत नाही. स, श किंवा स्वरांच्या मध्ये कापलं की ठेच लागते. "गांधीजी म्हणजे आं गांधीजी पहाटे आले" यातलं पहिलं "गांधीजी म्हणजे आं" काढायचं असेल तर दोन्ही 'ग'च्या आधी कापा. निवडलेल्या भागावर `Z` दाबलं की टोकं लाट शून्यावर असलेल्या जागी सरकतात आणि टिकटिक टळते.

दुसरं म्हणजे श्वास. काप केल्यावर दोन श्वास शेजारी शेजारी आले तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कारण माणूस दोनदा श्वास घेऊन बोलत नाही. एक काढा. दोन्ही काढलेत तर वाक्यं एकमेकांवर चढतात.

आणि कापलेल्या जागी कधी पूर्ण शांतता घालू नका. हॉलची स्वतःची एक मंद सळसळ सगळ्या बोलण्याखाली चालू असते. ती अचानक बंद झाली की श्रोत्याला वाटतं फोनच कट झाला. व्याख्यानातल्याच एखाद्या लांब थांब्यातला सहा-सात सेकंदांचा स्वच्छ तुकडा बाजूला काढून ठेवा आणि जिथे जागा भरायची तिथे तो वापरा.

पहिल्यांदा ऐकताना मात्र काहीच कापू नका. नुसतं ऐका आणि काही खटकलं की `Ctrl+M` दाबा. तिथे खूण पडते, दोन शब्द लिहून ठेवता येतात. आमच्या ५८ मिनिटांवर त्र्याहत्तर खुणा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या तीसेक उगाच वाटल्या.

वक्त्याच्या तोंडून साल चुकलं. दुरुस्त करावं का?

आमच्या वक्त्यांनी एकदा "एकोणीसशे बेचाळीस" म्हटलं. म्हणायचं होतं चोवीस. आम्ही त्यांना फोन केला, ते म्हणाले, "बदला हो, नाहीतर लोक पत्रं लिहितील." परवानगी आधी, कात्री नंतर.

इतर ठिकाणी त्यांनी अकरा वेळा "चोवीस" म्हटलं होतं, पण त्यातले बहुतेक चालले नाहीत. वाक्याच्या शेवटचा 'चोवीस' खाली उतरतो, आपल्याला हवा होता तो "चोवीस साली" असा मधला, पुढे जाणारा. शिवाय पहिल्या दहा मिनिटांतला आवाज ताजा असतो, शेवटचा बसलेला. चूक ज्या जागी होती तिच्या आसपास, मधल्या सुराचा एकच सापडला, तो बसला. असा जुळणारा शब्द मिळाला नाही तर खटपट करू नका. ओळखीच्या निवेदनात एक वाक्य सांगून टाका.

शब्दाचा अर्थ बदलेल अशी जोडणी मात्र कधीच करू नका. सीमाभागात भाषेवरच्या एका वाक्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. "काही लोक म्हणतात" हे तीन शब्द कापले गेले तर पुढचं मत वक्त्याच्या गळ्यात पडतं.

श्रोत्यांचे प्रश्न ऐकूच येत नाहीत, आणि एक तर कानडीत होता.

मिक्सरच्या वायरीतून फक्त माइकवरचं येतं, त्यामुळे प्रश्न जवळजवळ नसतोच. आमच्याकडे पहिल्या रांगेतल्या एका मुलाने मोबाईलवर थोडंफार शूट केलं होतं. त्यातला आवाज दुसऱ्या पट्टीवर घेतला आणि प्रत्येक प्रश्न वेगवेगळा कापून जागेवर बसवला. अख्खी पट्टी एकदाच जुळवून सोडून देऊ नका. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळ्या गतीने चालतात, सुरुवातीला जुळलेलं तासाभरात सरकलेलं असतं आणि एकच शब्द दोनदा ऐकू येतो.

जे प्रश्न तिथेही नीट नव्हते ते आमच्या निवेदिकेने थोडक्यात वाचले. कानडीतला प्रश्न एका निवृत्त मास्तरांचा होता, वक्त्यांनी उत्तरही कानडीत सुरू करून मराठीत संपवलं. ते तसंच ठेवलं, आधी एका ओळीत प्रश्नाचा मराठी सारांश दिला. १४ मिनिटांची प्रश्नोत्तरं ७ वर आली. उरलेली सात म्हणजे प्रश्नाच्या नावाखाली केलेली भाषणं होती.

मधेच करंट गेला होता. तो भाग कसा केला?

कॅमेरा बॅटरीवर, तो चालू राहिला. मिक्सर बंद पडला. म्हणजे वायरीतून चार मिनिटं शांतता. वक्ते मात्र न थांबता तोंडी बोलत राहिले. त्याच मुलाच्या मोबाईलमध्ये त्यातली अडीच मिनिटं सापडली. तो आवाज इतका वेगळा होता की जुळवण्यात अर्थ नव्हता. निवेदिकेच्या आवाजात "इथे सभागृहातली वीज गेली होती, पुढचा भाग मोबाईलवरचा आहे" असं सांगितलं आणि तो लावला. आधी सांगितलं की श्रोता वेगळ्या आवाजाला माफ करतो.

पंख्याची घरघर किती काढता येते?

दोन पायऱ्या. आधी `High-Pass Filter`, ८० हर्ट्झवर. माणसाच्या बोलण्यात त्याखाली कामाचं फारसं काही नसतं, तिथे असते ती पंख्याची आणि रस्त्यावरच्या ट्रकची धडधड.

मग `Noise Reduction`. कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडून `Get Noise Profile` दाबायचं, नंतर सगळी पट्टी निवडून तोच इफेक्ट लावायचा. हात आखडता ठेवा: ६ ते ९ डेसिबल पुरे. लावण्याआधी तिथेच `Residue` निवडून ऐका. जे काढलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती घरघर असेल तर ठीक. त्यात वक्त्याचे शब्द कुजबुजताना ऐकू आले तर तुम्ही आवाजच सोलताय, आकडा कमी करा. जास्त काढल्याची खूण म्हणजे शब्दांच्या शेवटी येणारी काचेच्या बांगड्यांसारखी किणकिण. आमच्या व्याख्यानाला वजाबाकीनंतर ६ डेसिबलच पुरलं.

टाळ्या? रेल्वेची शिट्टी?

टाळ्या काढू नका, `Envelope` अवजाराने निम्म्यापेक्षा खाली आणा आणि लांब असतील तर तीन-चार सेकंदांत विझू द्या. हेडफोन घालून ऐकणाऱ्याच्या कानाला त्या अचानक फार लागतात.

टिळकवाडीत रेल्वे गेटं जवळ असल्यामुळे गाडीची शिट्टी ठरलेली. आमच्या वक्त्यांनी ती वाजल्यावर थांबून म्हटलं, "ही अधिवेशनाला निघालेली दिसते, शंभर वर्षं उशीर झालाय." हशा पिकला. ती शिट्टी काढली असती तर विनोद लोंबकळला असता. तेवढी ठेवली, दुसऱ्या एका वाक्यावर आलेली काढता आली नाही, कारण ती बोलण्यावरच होती.

आमचा भाग इतरांच्या मानाने फार हळू ऐकू येतो. आवाज वाढवला तर फाटतो.

कारण वक्ता एकदा कुजबुजतो, एकदा गरजतो. सगळंच वाढवलं की गरजणं छताला लागतं. आधी `Compressor` लावून मोठ्या जागा थोड्या दाबायच्या, मग पातळी ठरवायची. पातळी मोजायचं एकक पडद्यावर `LUFS` असं दिसतं. ते लाटेची उंची नाही, कानाला एकंदर किती मोठं वाटतं ते मोजतं. पॉडकास्टसाठी अ‍ॅपल -१६ सुचवतं, आणि सर्वात उंच टोक -१ डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगतं. ऑडॅसिटीत `Loudness Normalization` उघडा, -१६ भरा आणि `Treat mono as dual-mono` वर बरोबरची खूण आहे ना ते बघा. ती नसेल तर एकपदरी फाईल ठरल्यापेक्षा मोठी होते. त्यानंतर `Limiter` -१ वर.

रेकॉर्डिंग होतानाच आवाज फाटलेला असेल, लाटेची डोकी कापल्यासारखी सपाट दिसत असतील, तर यातलं काहीच त्याला जोडत नाही. हॉलमधल्या मिक्सरचा लाल दिवा लागला, तीच ते सावरायची वेळ होती.

सगळं झाल्यावर बसमध्ये, साध्या इयरफोनवर ऐका. आमच्यातला एकजण खानापूरला जाता-येता ऐकतो. एसटीच्या आवाजात वाक्याचे शेवट ऐकू आले नाहीत तर `Compressor` चा दाब अजून थोडा वाढवतो.

शेवटची फाईल कशी काढायची?

एमपी३, एकपदरी, ६४ केबीपीएस. नुसत्या बोलण्याला एवढं पुरतं. आमची ६१ मिनिटं २९ एमबीत बसली. मधे गाणं किंवा पेटीवर काही असेल तर ९६ घ्या. फाईल काढताना शीर्षक आणि वक्त्याचं नाव मराठीत भरा, आणि ऑडॅसिटीचा प्रकल्प पुसू नका. महिन्याने कुणीतरी "तेवढं एक वाक्य काढा" म्हणतंच.

व्याख्यान आमच्याच मंचावर झालं, मानधनही दिलं. तरी वक्त्याची परवानगी लागते?

लागते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक भाषणाचा पहिला मालक ते करणारा असतो, कार्यक्रम दुसऱ्याने घडवून आणला असला तरी. चार ओळींचं पत्र पुरतं: आवाज काटछाट करून प्रसारित करायला संमती आहे. आम्ही ते मानधनाच्या पावतीबरोबरच सही करून घेतो, नंतर मागायला संकोच वाटतो.

वक्त्याने मधे एखादी पूर्ण कविता म्हटली तर तिचा हक्क वेगळा. आपल्याकडे तो कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. २००० साली गेलेल्या कवीची कविता २०६० संपेपर्यंत. दोन ओळींचं विवेचन वेगळं, पूर्ण कविता वेगळी. आमच्या व्याख्यानात शेवटी एक अख्खी कविता होती. कवीच्या घरच्यांचा पत्ता मिळेपर्यंत तीन आठवडे तो भाग तयार असूनही पडून राहिला.

एका भागाला किती वेळ जातो?

या व्याख्यानाला तीन संध्याकाळी गेल्या. पहिली त्या आडव्या रेघेत, दुसरी ऐकून खुणा करण्यात, तिसरी कापण्यात आणि पातळी लावण्यात. वायर नीट असेल तर दोन. एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका. दोन तासांनी कान थकतात आणि घरघर ऐकू येणंच बंद होतं, तेव्हा सकाळी चहाच्या आधी पुन्हा एकदा ऐका.